ग्रंथालयाला पत्र लिहायचंय, जुनी मराठी मासिकं कॅटलॉगमध्ये शोधायची कशी? (मसुदा बघून सांगा प्लीज)

नेरुळची_सई

नमस्कार सगळ्यांना. मी एमए मराठीच्या पहिल्या वर्षाला आहे, नेरुळला राहते. प्रकल्पाचा विषय स्त्रीशिक्षणावर एकोणिसाव्या शतकातल्या मासिकांत काय काय लिहिलं गेलं असा आहे. एका जुन्या निबंधाच्या तळटीपेत मला हे मिळालं: "वि. ज्ञा. वि., पु. २१, अं. ४, पृ. ८५". लेखकाचं नाव दिलंय, लेखाचं नाव नाही, वर्ष पण नाही. सरांनी सांगितलं वि. ज्ञा. वि. म्हणजे विविधज्ञानविस्तार, आणि ठाण्याच्या ग्रंथालयात जुने अंक असतील, जाऊन बघ.

तर मी ठाण्यातल्या एका ग्रंथालयाच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये शोधलं आणि "० नोंदी" आलं. लेखकाचं नाव टाकलं, तरी ०. फोन केला तर पलीकडून "सगळं ऑनलाइन आहे बघा" म्हणाले आणि ठेवला. ट्रान्सहार्बरने जाऊन हात हलवत परत यायचं नाहीये म्हणून आधी पत्र (ईमेल) पाठवायचं ठरवलंय. मसुदा असा:

*प्रति, माननीय ग्रंथपाल महोदय,*
*मी एक विद्यार्थिनी असून मला माझ्या अभ्यासासाठी जुनी मराठी मासिके हवी आहेत. आपल्या संकेतस्थळावरील कॅटलॉगमध्ये ती कशी शोधावीत याचे कृपया मार्गदर्शन करावे. तसेच स्त्रीशिक्षणावरील सर्व जुन्या लेखांची यादी मिळाल्यास उपकृत होईन. आपली कृपाभिलाषी,*

बरोबर आहे का? आणि "कृपाभिलाषी" जास्त होतंय का?

कोपरीचा_टेकी

कृपाभिलाषी काढ, पत्र बघून वाटतंय तू सरकारी जमीन मागतेयस 😄

मुद्द्याचं, तू इंग्रजीत टाइप करून शोधलं असशील, मराठी कॅटलॉग मराठीतच शोधायचा असतो, युनिकोडमध्ये. फोनवरचा मराठी कीबोर्ड लाव आणि परत टाक, येईल. आजकाल सगळी ग्रंथालयं कोहा नाहीतर तसलंच काहीतरी वापरतात आणि त्याला देवनागरी व्यवस्थित कळते.

नेरुळची_सई

मराठीतच टाकलं होतं हो दादा. "विविधज्ञानविस्तार" असं सलग. ०.

जुनी_तालिका

सई, मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी तालिका करण्यातच गेली, म्हणून जरा लांबण लावते, वाच शांतपणे.

तुझ्या पत्रात दोन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्यात. पहिली, कॅटलॉगमध्ये *मासिकाची* नोंद असते, मासिकातल्या *लेखाची* नाही. आमच्याकडे बांधीव खंड आला की एक नोंद व्हायची, मासिकाचं नाव, खंड कितवा, दाखल क्रमांक, झालं. आत कुणी काय लिहिलंय ते त्या कार्डावर कधीच नसायचं, कोण बसणार तेवढं लिहीत. म्हणून लेखकाचं नाव टाकून ० येणारच, त्यावरून त्यांच्याकडे अंक नाही असं समजू नकोस. आणि "स्त्रीशिक्षणावरील सर्व लेखांची यादी" मागितलीस की ग्रंथपाल पत्र बाजूला ठेवणार, कारण ती यादी कुणाकडेच तयार नसते. ती तुलाच खंड उघडून करायची आहे, तोच तुझा प्रकल्प आहे.

दुसरी गोष्ट, शोध ० येतो तेव्हा आधी दोष कुठे आहे ते ठरव. एक सोपी परीक्षा करतात. जे पुस्तक त्यांच्याकडे नक्की असणारच ते शोध. "ज्ञानेश्वरी" टाक. ज्ञानेश्वरीच ० आली तर घोळ लिपीत आहे, मासिकात नाही. करून बघ आणि इथे सांग.

नेरुळची_सई

😳 ज्ञानेश्वरी शून्य!! ठाण्यातल्या ग्रंथालयात ज्ञानेश्वरी नाही असं होऊच शकत नाही. मग dnyaneshwari टाकलं तर चाळीसेक आल्या.

कोपरीचा_टेकी

ओह. म्हणजे डेटाच रोमनमध्ये भरलाय. मी माझे शब्द अर्धे मागे घेतो. पण अर्धेच, कारण नवीन पुस्तकं देवनागरीत असतील, मी बघितलंय, २००५ च्या आसपास एका एजन्सीने रोमनमध्ये भरलेला असतो आणि नंतरचा मराठीत, म्हणून दोन्हीत शोधावं लागतं.

जुनी_तालिका

हो, हे टेकीचं बरोबर आहे, एकाच कॅटलॉगमध्ये दोन-तीन काळांचे थर असतात. रोमनमध्ये मोठा त्रास ज्ञ चा. कुणी dnyan लिहितं, कुणी jnan, कुणी gyan. परदेशी विद्यापीठांच्या पद्धतीने केलेली तालिका असेल तर vividhajnanavistara. त्यामुळे ज्ञ पर्यंत जाऊच नकोस, त्याच्या आधीच थांब. हे क्रमाने टाक, शीर्षकाच्या चौकटीत, आणि "प्रकार" वगैरे कुठलाही फिल्टर असला तर तो "सर्व" वर ठेव:

```
विविधज्ञानविस्तार
विविध ज्ञान विस्तार
विविध*
vividh*
```

पहिल्या दोन ओळी तुला एकच वाटतील पण मशीनला तो एक शब्द आणि तीन शब्द असे वेगळे दिसतात. शेवटी तारा लावला की "विविध"ने सुरू होणारं सगळं येतं, जोडलेलं असो की सुटं असो. विविध भारती, विविध पाककृती हेही येईल, ते गाळायचं. तारा काही प्रणालींत चालत नाही, तिथे नुसतं vividh टाकून बघ.

फिल्टर "सर्व" का, तर बांधीव खंड पुष्कळ ठिकाणी पुस्तक म्हणूनच चढवलेले असतात आणि संपादकाचं नाव लेखकाच्या जागी टाकलेलं असतं. "नियतकालिके" निवडलंस की फक्त चालू वर्गणीची मासिकं दिसतात.

दादरला_जा_गप्प

एवढा खटाटोप कशाला, दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जा, १८९८ पासूनचं आहे. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय तर त्याच्याही आधीचं, १८९३. आणि दात्यांची मराठी ग्रंथसूची मागून बघ, त्यात सगळं आहे, आमच्या वेळी आम्ही तेच करायचो, ऑनलाइन बिनलाइन नव्हतं.

जुनी_तालिका

शंकर गणेश दात्यांची मराठी ग्रंथसूची *ग्रंथांची* आहे हो, १८०० ते १९५० मधल्या छापील पुस्तकांची. काम अफाट आहे यात वाद नाही, पण तिच्यात वि. ज्ञा. वि. मधला लेख शोधायला गेलात तर दिवस जाईल. नियतकालिकांची सूची वेगळी झालेली आहे, सईने संदर्भ विभागात "नियतकालिकांची सूची" असंच विचारावं, नुसतं "दात्यांची सूची" म्हटलं तर हातात ग्रंथसूचीच देतील.

दादरला_जा_गप्प

बरं. पण दादरला जावं हे मात्र मी म्हणणारच.

चरईकर_मंदा

मला पण असंच शोधायचंय! माझ्या आत्याची कविता १९६० च्या सुमाराला एका दिवाळी अंकात आली होती, अंकाचं नाव आठवत नाही, मुखपृष्ठावर निळ्या साडीतली बाई होती. आत्या आता नाही. ग्रंथालयाला मी पण पत्र टाकू का? आणि ते अंक विकत देतात का?

अनुस्वार_पळाला

मंदाताई, निळ्या साडीतल्या बाया दिवाळी अंकांवर ढिगाने होत्या हो 🙂 ग्रंथालय विकत देत नाही, वाचायला देईल. पण नाव नसेल तर कॅटलॉग काहीच करू शकणार नाही. आत्याच्या कागदांत मानधनाचं कार्ड, संपादकाचं पोस्टकार्ड असलं काही आहे का बघा, त्यावर अंकाचं नाव हमखास असतं.

सईसाठी: शुद्धलेखनाचा मुद्दा कुणी काढला नाही म्हणून मी काढतो, नावच तसं घेतलंय. १९६२ ला मराठी साहित्य महामंडळाचे नियम आले त्यांत शेवटचे इकार उकार दीर्घ झाले. पण मासिकांची नावं त्याआधीची. १९४३ चं मासिक "अभिरुचि" ऱ्हस्व, आता लिहिणारा "अभिरुची" दीर्घ लिहिणार. १९३५ चं "सह्याद्रि", आत्ता "सह्याद्री". "चित्रमय जगत्" चा पाय मोडलेला पण आणि सरळ "चित्रमयजगत" पण. कॅटलॉग करणाऱ्याने अंकावर होतं तसं लिहिलं की स्वतःच्या सवयीने, सांगता येत नाही. तुझ्या विविधज्ञानविस्तारात हा त्रास नाही, पण पुढची मासिकं शोधशील तेव्हा शेवटचं अक्षर सोडून तारा लाव, अभिरुच* असं.

नेरुळची_सई

थँक्यू सगळ्यांना!! vividh* ने मिळालं, VIVIDH DNYAN VISTAR PU 34 आणि VIVIDH DYAN VISTAR (dnyan मधला एन खाल्लाय) PU 41. फक्त दोनच नोंदी. म्हणजे त्यांच्याकडे दोनच खंड आहेत का? आणि PU म्हणजे पुणे का?

जुनी_तालिका

नाही गं, पु. म्हणजे पुस्तक, म्हणजे त्या काळी वर्षभराच्या अंकांचा जो खंड व्हायचा त्याला पुस्तक म्हणत. तुझ्या तळटीपेतलं "पु. २१" तेच. आणि "पृ. ८५" हे पृष्ठ. पु. आणि पृ. मध्ये फरक फक्त खालच्या मात्रेचा, जुन्या छपाईत तो पुसट असतो, विद्यार्थी हमखास पु. ला पृष्ठ समजून चुकीचा खंड काढतात.

दोनच खंड आहेत का, तर हे कॅटलॉग सांगू शकत नाही. बऱ्याच ग्रंथालयांत संगणकीकरण झालं तेव्हा आधी देवघेवीची पुस्तकं चढवली, कारण रोज लागणारी तीच. बांधीव जुनी मासिकं शेवटी ठेवली आणि मग निधी संपला. दोन-चार खंड कुणीतरी सहज चढवलेले असतात, बाकीचे कार्डाच्या खणात नाहीतर दाखल नोंदवहीत. आता हेच पत्रात विचार, "ऑनलाइन पु. ३४ आणि ४१ दिसतात, बाकीचे खंड कार्ड कॅटलॉगमध्ये किंवा नोंदवहीत आहेत का". या एका वाक्याने समोरच्याला कळतं की हिने शोधलंय.

कोपरीचा_टेकी

वर्ष काढता येईल की. मासिक १८६७ ला सुरू झालं, म्हणजे पु. १ = १८६७, पु. २१ = १८८७. सोपं आहे. पत्रात १८८७ लिही.

जुनी_तालिका

हिशेब ठीक, पण पत्रात १८८७ "नक्की" म्हणून लिहू नकोस. मासिकं उशिरा निघायची, कधी मध्येच बंद पडून पुन्हा सुरू व्हायची, खंडाचं वर्ष जानेवारीलाच सुरू होईल असं नाही. दोन-तीन वर्षं इकडे तिकडे धर. आणि खंडावर शके असेल तर ७८ मिळवायचे, शके १८०९ म्हणजे १८८७, पण वर्ष चैत्रात सुरू होतं म्हणून माघ फाल्गुनाचा अंक १८८८ मध्ये पडतो, तिथे ७९. नोंदवहीत कारकुनाने शकेच इसवी सन म्हणून लिहिलेलं मी पाहिलंय, १८०९ सालचं मराठी मासिक! तेव्हा तर आपल्याकडे दर्पणसुद्धा नव्हतं, तो १८३२ चा.

अजून एक, तुझी तळटीप आतून जुळते का ते बघ. अंक चौथा आणि पृष्ठ ८५. त्या काळी पानांचे आकडे वर्षभर सलग चालायचे, दर अंकाला एकपासून नाही. अंकाला २४ पानं धरली तर चौथा अंक ७३ ते ९६, म्हणजे ८५ त्यात बसतं. २८ धरली तर चौथा अंक ८५ लाच सुरू होतो. दोन्ही बाजूंनी जमतंय. म्हणजे तळटीपेत निदान अंक आणि पान तरी गोंधळलेले दिसत नाहीत, पुस्तकाचा आकडा मात्र असा तपासता येत नाही.

अनुस्वार_पळाला

हे सलग पानांचं मला माहीतच नव्हतं, एवढी वर्षं मी "अंक ९ पृ. २१०" वाचून केवढा जाड अंक असेल म्हणायचो 😅

ठाणेकर_रद्दी

कुणाला जुनी मासिकं हवी असतील तर माझ्याकडे किर्लोस्कर आणि स्त्री चे गठ्ठे आहेत, आजोबांचे. वाळवी नाही. व्यनि करा.

नेरुळची_सई

दुसरा मसुदा. रात्री दोन वाजता लिहिलाय, हसू नका.

*प्रति,*
*मा. ग्रंथपाल,*
*विषय: विविधज्ञानविस्तार मासिकाचे पु. २१ आणि त्याची नोंद शोधण्याबाबत*

*सप्रेम नमस्कार.*

*मी एमए (मराठी) प्रथम वर्षाची विद्यार्थिनी आहे. मला विविधज्ञानविस्तार, पु. २१, अं. ४, पृ. ८५ हा संदर्भ तपासायचा आहे. वर्ष तळटीपेत दिलेलं नाही, मासिक १८६७ ला सुरू झाल्यामुळे ते १८८७ च्या आसपासचं असावं असा अंदाज आहे.*

*आपल्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये मी देवनागरीत सलग आणि सुटं, तसंच रोमनमध्ये vividh असं शोधलं. पु. ३४ आणि पु. ४१ अशा दोनच नोंदी मिळाल्या, एकात Dnyan आणि दुसऱ्यात Dyan असं स्पेलिंग आहे. कृपया एवढं सांगाल का: बाकीचे खंड कार्ड कॅटलॉगमध्ये किंवा दाखल नोंदवहीत आहेत का, असल्यास कोणत्या नावाखाली? ते बघायला सभासद असणं लागतं का आणि कॉलेजचं पत्र आणावं लागेल का? खंड झेरॉक्सला देत नसाल तर फोनवर फोटो काढायला परवानगी आहे का?*

*मी नेरुळहून येणार असल्यामुळे खंड काढून ठेवायला किती दिवस आधी कळवावं लागेल तेही सांगावं.*

*आपली,*

"सांगाल का" चालेल ना? "सांगावे" पेक्षा मला बरं वाटलं.

अनुस्वार_पळाला

चालेल काय, छानच. पण एकात "लागतं" आणि एकात "कळवावं" असं बोली ठेवलंयस आणि वर "मा. ग्रंथपाल". मी असतो तर राहू दिलं असतं.

जुनी_तालिका

हे पत्र मला आलं असतं तर मी त्याच दिवशी खणाकडे गेले असते. एक जोड दे, "पु. २१ नसल्यास २० आणि २२ आहेत का". कारण वर म्हटलं तसं आकडा सरकलेला असू शकतो, आणि बाइंडरने कधी कधी दीड वर्षाचे अंक एका बाडात शिवलेले असतात.

दादरला_जा_गप्प

मोबाइलवर फोटो कशाला, हाताने उतरवून घ्यावं. आम्ही उतरवायचो.

कोपरीचा_टेकी

काका, ती नेरुळवरून येतेय, एक लेख उतरवायला तीन फेऱ्या होतील. आणि जुन्या कागदाला झेरॉक्सचा काच दाबण्यापेक्षा फोटो बरा, शिवण फाटत नाही.

तोपर्यंत सई archive.org वर पण बघ, तिथे जुनी मराठी मासिकं स्कॅन केलेली आहेत. तिथेही शीर्षकं रोमनमध्ये आणि स्पेलिंग देवाच्या हाती, हाच vividh वाला उपाय.

नेरुळची_सई

तिथे काही खंड आहेत, पण ज्याला पु. अमुक म्हटलंय त्याच्या आत दुसरंच पुस्तक निघालं एकदा 🙈 २१ सापडला नाही.

नेरुळची_सई

अपडेट!! आठवड्याने उत्तर आलं. फोनवरच्यांपेक्षा हे कुणीतरी वेगळेच होते, मस्त लिहिलंय. सारांश: जुन्या मासिकांचे बांधीव खंड ऑनलाइन चढवलेले नाहीत, ते दोन चुकून चढलेत. त्यांची वेगळी हस्तलिखित वही आहे. सभासद नसले तरी कॉलेजचं पत्र आणि ओळखपत्र चालेल, दोन दिवस आधी कळवायचं, फ्लॅश न लावता फोटो चालतील. आणि कंसात लिहिलं होतं की वहीत "विस्तार" या नावाखाली बघा.

जुनी_तालिका

बघ! "विस्तार". जुने लोक मासिकाला नुसतं विस्तार म्हणायचे, वही लिहिणाऱ्याने तेच लिहिलं. हे जगातला कुठलाही सर्च सांगणार नाही. कार्ड असतं तर आम्ही "विस्तार पहा विविधज्ञानविस्तार" असं एक पिवळं कार्ड घातलं असतं. संगणकात पर्यायी शीर्षकाची जागा असते, पण ती भरणारा माणूस लागतो.

नेरुळची_सई

जाऊन आले काल. लांब लिहिते, चहा घेऊन बसा.

वही म्हणजे लेजर, कापडी पुठ्ठ्याची, "म" च्या पानांवर मनोरंजन वगैरे आणि "व" मध्ये "विस्तार, मासिक, पु. १९ ते २३, ५ बाडे". ऑनलाइन दिसणारे ३४ आणि ४१ मात्र वहीत नव्हते, ते नंतर कुणीतरी दिलेल्या पुस्तकांत आलेले. मावशींनी शिडी लावून काढून दिलं. कण्यावर सोनेरी अक्षरात २१ होतं पण एक चं अक्षर अर्धं उडालेलं, २ च दिसत होता. उघडल्यावर पहिलं लक्षात आलं की मुखपृष्ठं नाहीत. एकाही अंकाचं. बाइंडरने काढून टाकलीत सगळी, म्हणून तारीख कुठेच नाही, फक्त प्रत्येक अंकाच्या पहिल्या पानावर "अंक ४" असं बारीक. तिथले काका म्हणाले बांधताना जाहिराती आणि मुखपृष्ठं काढायची पद्धतच होती.

पृ. ८५ आहे!! आणि स्त्रीशिक्षणावरच आहे, सुरुवातीला तेच वाक्य आहे जे त्या जुन्या निबंधात उद्धृत केलंय. पण लेखाखाली नाव नाही. काहीच नाही, टोपणनाव सुद्धा नाही. शेवटी वार्षिक अनुक्रमणिका आहे तिथे फक्त लेखाचं नाव आणि पान. मग निबंधकाराने तळटीपेत लेखकाचं नाव कुठून आणलं?

दादरला_जा_गप्प

त्याने चुकून दिलं असेल. पूर्वी लोक ऐकीव माहिती सर्रास द्यायचे.

अनुस्वार_पळाला

किंवा त्याला माहीत असेल, संपादकांच्या नात्यातलं कुणी असेल, कुणी सांगितलं असेल. त्या काळी निनावी लेख ही सामान्य गोष्ट होती.

जुनी_तालिका

दोन्ही शक्य आहे आणि दोन्ही तुझ्या तळटीपेत लिहिण्यासारखं नाही. तू तुझ्याकडे "लेखकाचे नाव छापलेले नाही, अमुक यांनी ते अमुक असे दिले आहे" एवढंच लिही. आणि एक बघ, पु. २१ च्या पुढच्या अंकांत, आणि २२ मध्ये, त्या लेखाला कुणी उत्तर दिलंय का. "गेल्या अंकातील रा. रा. अमुक यांचा निबंध" असं लिहिणारा एक तरी पत्रलेखक असायचा, वाद तेव्हाही तितकेच व्हायचे. अनुक्रमणिका वर्षाची असते म्हणून प्रत्येक बाडाच्या शेवटी बघ, पण अनुक्रमणिकेत पत्रव्यवहार सुटा लिहिलेला नसतो, त्यासाठी पानं उलटावी लागतील.

नेरुळची_सई

हो, २२ पण काढून ठेवायला सांगितलंय. तिथल्या काकांना मी विचारलं की वहीची ती पानं टाइप करून देऊ का कॅटलॉगसाठी, तर म्हणाले आधी २२ बघून या, मग बोलू. पण विस्तारची पाच बाडं कशी लिहिलीत त्याचा फोटो मी काढलाय, पत्राच्या उत्तरात टाकून पाठवला.

चरईकर_मंदा

सई, तुझ्या मावशींना जमलं तर १९६० चे दिवाळी अंक वहीत कोणत्या अक्षराखाली आहेत विचारशील का? निळी साडी.